पगाराच्या दुसऱ्या दिवशी किती वाजता?

तुमसरजवळच्या आमच्या राइस मिलमध्ये बाकीची माणसं ओळखीपाळखीने येतात. हमाल मुकादम आणतो, दिवाणजी कोणाच्या तरी नात्यातला निघतो, झाडलोट करणाऱ्या बाया गावातल्याच असतात. मिस्त्री मात्र शोधावा लागतो. धान आत जातो आणि तांदूळ बाहेर पडतो, त्या मधल्या सगळ्या यंत्रांचा मालक तोच. हात चांगला असेल तर हंगाम निघतो. नसेल तर वर्षभराची कमाई कनकीत जाते. कनकी म्हणजे तुकडा तांदूळ.

2015 साली सासऱ्यांनी अंथरूण धरलं. माझे यजमान शेतीचं बघतात, म्हणून मिल माझ्याकडे आली. पुढच्याच वर्षी जुना मिस्त्री म्हातारपणामुळे घरी बसला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या माणसाची चौकशी करावी लागली. ती मी कशी केली ते आधी सांगते, कारण पुढे जे काही शिकले ते तिथून.

एक जण आला. चाळिशीचा, स्वच्छ कपडे, बोलणं नम्र. सोबत एका मिलचं अनुभवाचं पत्र होतं: अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी त्या मालकांना फोन लावला. ते यजमानांच्या ओळखीचे, मला वहिनी म्हणणारे. मी विचारलं, "भाऊजी, माणूस कसा आहे?" ते म्हणाले, "चांगला आहे न वहिनी. काही काळजी करू नका." मी विचारलं, "प्रामाणिक आहे न?" ते म्हणाले, "एकदम." फोन दोन मिनिटांत संपला. सोमवारी मिस्त्री कामावर.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे सरकारी भरडाईचा उन्हाळी धान होता. खरिपाचा धान थंडीच्या तोंडाशी कापला जातो. उन्हाळी धान एप्रिल-मेच्या आगीत पिकतो आणि वाळतो. दाण्याला आतूनच बारीक चिरा पडतात, वरून दिसत नाहीत. गिरणीत गेला की तो मोडतो. सरकारी भरडाईत अरवा तांदूळ, म्हणजे धान न उकडता केलेला, एक क्विंटल धानामागे 67 किलो द्यावा लागतो आणि त्यात तुकडा 25 टक्क्यांच्या वर चालत नाही. अख्ख्या दाण्याच्या पाऊण लांबीपेक्षा आखूड झाला की तो तुकड्यात मोजतात. त्यामुळे उन्हाळी धान दळताना मिस्त्रीची खरी परीक्षा असते. रबरी रोलरमधली फट किंचित मोकळी ठेवायची, एका फेरीत सगळं टरफल काढायचा हट्ट सोडायचा, पॉलिशरचा दाब कमी करायचा, आणि तासातासाला मूठभर माल हातावर घेऊन बघायचा.

नव्या मिस्त्रीने खरिपाच्या धानावर होतं तसंच सगळं ठेवलं, उलट रोलर आणखी आवळले, कारण त्याला माल लवकर उतरवायचा होता. गोदामावर पोत्यात नळी खुपसून नमुना काढला, तुकडा जास्त निघाला आणि ट्रक परत आला. मग दुसरा आला, मग तिसरा. तिन्हींचा माल आम्ही अंगणात ओतून चाळला. कनकी वेगळी काढली आणि जेवढं वजन कमी पडलं तेवढा तांदूळ बाजारातून विकत घेऊन भरून दिला. बायका चार दिवस चाळण्या हलवत होत्या. ओसरीच्या कोपऱ्यात कनकीची पांढरी ढिगारी वाढत होती आणि मी तिच्याकडे बघत हिशेब करत होते.

पुढे एका लग्नात तेच मालक भेटले. मी जरा रागातच होते. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही विचारलं माणूस कसा आहे. माणूस चांगलाच आहे. आपल्याकडे तो पोती मोजायचा आणि मोटारी सांभाळायचा. मिलवर आमचा दुसराच मिस्त्री होता."

ते खोटं बोलले नव्हते. मीच त्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं.

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. माझी पुतणी नागपूरला मनुष्यबळ व्यवस्थापन शिकत होती. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, यावर जगभर अभ्यास झालाय." 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं, माणूस निवडायच्या कुठल्या पद्धतीवरून त्याचं पुढचं काम किती कळतं. शून्य म्हणजे काहीच कळत नाही आणि एक म्हणजे सगळं कळतं, असं धरलं तर जुन्या मालकाकडे केलेल्या चौकशीला त्यांनी 0.26 दिले. प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावलं तर 0.54. आणि माणसाने नुसती किती वर्षं काढली यावरून फक्त 0.18. आपल्याकडे तर सगळे पहिला प्रश्न वर्षांचाच विचारतात. मला त्या आकड्यांतून दोन गोष्टी कळल्या. चौकशी ही कामाच्या चाचणीशिवाय अपुरी आहे. आणि 0.26 हा आकडा लोक जशी चौकशी करतात तिचा आहे, म्हणजे बहुतेक माझ्यासारखी, दोन मिनिटांची. ती बरी कशी करायची हे आपल्या हातात होतं.

मग मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहायला लागले. एकदम सुचले नाहीत. सासऱ्यांजवळ बसून, मुकादमाशी बोलून, वर्षभरात जमत गेले. ते कामी आले 2019 च्या दिवाळीआधी, तेव्हा बालाघाटकडचा एक मिस्त्री आमच्याकडे आला. त्याचं प्रकरण सविस्तर सांगते.

त्याने आधी गोंदिया जिल्ह्यातल्या एका मिलमध्ये चार वर्षं आणि लाखनी तालुक्यातल्या एका मिलमध्ये चौदा महिने काम केलं होतं. नावं दिली तीन: गोंदियाकडचे मालक, स्वतःचा साळा आणि गावचे सरपंच. साळा आणि सरपंच मी तिथेच खोडले. त्यांनी याला रोलर बसवताना पाहिलेलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, ज्या ज्या माणसाने तुमचं काम रोज पाहिलं त्याचं नाव सांगा. मालक सोडून." तो विचारात पडला. मग त्याने तिथला हमालांचा मुकादम आणि रबरी रोलर विकणारा दुकानदार अशी दोन नावं सांगितली.

पुढचा प्रश्न मी फोन करण्याआधी उमेदवारालाच विचारते. त्याच्यासमोर वही उघडून म्हटलं, "यांना मी तुमच्या परवानगीने फोन करणार आहे. ते तुमच्याबद्दल काय सांगतील, ते तुम्हीच आधी सांगा. कोणाला फोन करू नये वाटत असेल तर तेही सांगा." त्या वेळी आपली विचारपूस खरंच होणार आहे हे माणसाला कळतं आणि तो स्वतःच बरंच बोलतो. हा म्हणाला, "मुकादम सांगेल का माझं तोंड खराब आहे. लाखनीचे शेठ सांगतील का मी चोर आहे. त्यांना फोन करायचा तर करा जी, मले काही नाही."

चोर काहून, असं विचारलं तर म्हणाला, उचल घेतली होती, ती कापायच्या आधी निघालो. किती? वीस हजार. मी आकडा लिहून घेतला. पुढे ताडून बघायला असा आकडा लागतो.

एक नियम इथेच सांगून टाकते. माणूस अजून जिथे कामावर आहे तिथे मी त्याच्या होकाराशिवाय फोन करत नाही. आमच्या भागात सगळे मिलवाले एकमेकांना ओळखतात. मी इकडून फोन ठेवला की तिकडे त्याची हजेरी बंद होऊ शकते. माझ्याकडे त्याचं पक्कं झालेलं नसतं आणि भर हंगामात बिचारा दोन्हीकडून जातो.

गोंदियाच्या मालकांना फोन लावला तो दुपारी दोनला. सकाळी धानाचे ट्रॅक्टर लागलेले असतात, संध्याकाळी हिशेब असतो; दुपारी माणूस खुर्चीत बसलेला असतो. सुरुवात सोप्या गोष्टींनी केली: कधीपासून कधीपर्यंत होता, हुद्दा काय, पगार किती. यात दोन फायदे असतात. समोरचा बोलायला लागतो आणि उमेदवाराने सांगितलेलं जुळतं का ते कळतं. तो आपल्याला हेड मिस्त्री म्हणाला होता. मालक म्हणाले, "तीन वर्षं दोन नंबरचा होता. शेवटच्या हंगामात एकटा." मी लिहून घेतलं. हे काही मोठं खोटं नव्हतं, पण पगार ठरवताना कामाला येणार होतं. ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो त्यांच्या तारखा त्यांच्याच मोबाईलवर दिसतात, त्यांना तेवढं पान दाखवायला सांगते. छोट्या मिलमध्ये तो कापलेला नसतो, तिथे तोंडी जुळवाजुळवच.

मग मुद्द्याचा प्रश्न. "दादा, तुमच्याकडे आजवर किती मिस्त्री झाले?"

"सहा-सात तरी."

"त्यात मशीनच्या हाताने हा कितवा?"

इथे फोन थोडा वेळ शांत झाला. ही शांतता मोडायची नाही, हे मी फार उशिरा शिकले. आधी मी घाईने म्हणायची, "म्हणजे चांगलाच असेल न," आणि समोरचा सुटकेचा श्वास टाकून हो म्हणायचा. या वेळी गप्प राहिले. ते म्हणाले, "दुसरा. पहिला आमचा जुना, तो आता नाही राहिला."

"मग पहिल्याच्या बरोबरीला यायला याच्यात काय कमी होतं?"

"लिहीत नाही बघा तो. मशीन किती वाजता बंद पडली, काय बदललं, काही नोंद नाही. सगळं डोक्यात. तो सुट्टीवर गेला का आम्ही आंधळे."

दहा वेळा "त्याच्यात काही कमी आहे का" विचारलं असतं तरी हे निघालं नसतं. कोणी आपल्या जुन्या माणसाची उणीव सांगायला बसत नाही. पण आपल्याच दोन माणसांत तुलना करायला लावलं तर मालक मनातल्या मनात दोघांना शेजारी उभं करतो आणि फरक आपोआप तोंडात येतो.

यानंतर मी उन्हाळी धानाचं विचारलं. "त्याच्या हातात उन्हाळी धानाला तुकडा किती पडायचा? तुमचा एखादा ट्रक परत आला का?" एक आला होता म्हणाले, पहिल्याच वर्षी, त्यानंतर नाही. "एक आला तेव्हा त्याने काय केलं?" तेव्हा त्याने रात्रभर पॉलिशर उघडून जाळी बदलली होती आणि दुसऱ्या दिवसापासून धान रात्रीच दळायला घेतला, दिवसाच्या उन्हात नाही. हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा खात्री बसली. नुसतं "मेहनती आहे" हे कोणालाही लागू पडतं. उन्हाळी धान रात्री दळायला घेणं हे तोच सांगू शकतो ज्याने ते डोळ्यांनी पाहिलं.

शेवटचा प्रश्न तुम्ही म्हणाल साधाच आहे. "पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो किती वाजता यायचा?" आमच्याकडे दारूबद्दल थेट विचारलं तर लोक एक तर झाकतात, नाहीतर मीठमसाला लावून सांगतात. माझा त्याच्या घरच्या आयुष्याशी संबंधही नाही. मला काळजी एवढीच की सुरू मशीनपाशी, फिरत्या पट्ट्यापाशी, माणूस शुद्धीत हवा. पगाराच्या दुसऱ्या दिवसाची वेळ ते सगळं सांगते. तसाच दुसरा प्रश्न मंडईचा. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडार, नाटकं. नेमका तोच खरिपाच्या धानाचा मोसम. "मंडईच्या महिन्यात खाडे किती?" मालक हसले. म्हणाले, "स्वतःच्या गावच्या मंडईला दोन दिवस, बाकी नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आठ म्हणजे आठ."

मुकादमाला मी फोन न करता भेटायलाच गेले. हमाल माणूस अनोळखी बाईशी फोनवर मोकळं बोलत नाही, आणि आपल्या मालकाच्या कानावर जाईल याची त्याला भीती असते. मिलबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो. मी आधीच सांगितलं की तुमचं नाव कुठे निघणार नाही, आणि मिस्त्रीने स्वतःच तुमच्याकडे पाठवलंय. त्याला मी मत विचारलंच नाही. एक रात्र विचारली. "भाऊ, मिल रात्री बंद पडली, आणि हा ड्युटीवर होता, अशी एखादी रात्र आठवते का?"

"आठवते न जी. एलिवेटरचा पट्टा तुटला होता. जानेवारीत. रात्रीचा एक वाजला असंल."

"मग पहिलं काय केलं त्याने?"

हा "पहिलं काय केलं" माझा आवडता प्रश्न झालाय. पट्टा तुटला की त्याला टांगलेल्या सगळ्या बादल्या धानासकट खाली कोसळतात, आणि घाईचा मिस्त्री तसाच नवा पट्टा ओढायला लागतो. मुकादम म्हणाला, "पहिलं त्यानं मेन बंद केला अन् चावी खिशात टाकली. मंग आम्हाले खालचा डबा रिकामा कराले लावला. सगळा धान बाहेर. आमी म्हणलो सकाळी करू, थंडी आहे. तर बाप्पा, काय शिव्या! मायबहिणीच्या." पहाटे पाचला पट्टा जोडून मिल सुरू झाली. शिव्या खाल्लेले दोन पोरगे त्याच आठवड्यात काम सोडून गेले.

"तुमच्या हातात असतं तर तुम्ही त्याच्यासोबत पुन्हा काम केलं असतं?"

मुकादमाने चहाचा ग्लास टेकवला. "मशीनजवळ केलं असतं. त्याच्या हुकुमाखाली नाही."

मी ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं. मेन बंद करून चावी खिशात टाकणारा मिस्त्री हा माझ्या दृष्टीने लाखमोलाचा. मिलमध्ये हात तुटतात ते कोणी आत काम करत असताना दुसऱ्याने बटण दाबल्यामुळे. पण मायबहिणीवरून शिव्या देणारा माणूस माझ्या अंगणात, जिथे वीस बाया झाडणी-चाळणी करतात, तिथे मला चालणार नव्हता. एकाच रात्रीने दोन्ही गोष्टी दाखवल्या.

लाखनीच्या शेठना फोन करताना माझे हात जरा कापत होते. ते पहिल्याच वाक्याला म्हणाले, "त्याला घेऊ नका. चोर आहे."

पूर्वीची मी असते तर इथेच वही मिटली असती. या वेळी विचारलं, "काय गेलं, दादा?" पैसे. "किती?" वीस हजार. "पेटीतून?" नाही, उचल. "त्याने घेतली की तुम्ही दिली?" दिली. "त्याच्या कामाचा पगार किती बाकी होता?" इथे ते थांबले. दीड महिन्याचा. तो वळता केला का, हे मी विचारलं नाही. तो त्यांचा आणि त्याचा हिशेब. मला एवढंच कळायला हवं होतं की चोर या शब्दामागे तिजोरी फोडणं आहे की उचलीचं भांडण. आकडा दोन्ही बाजूंनी वीस हजारच निघाला, म्हणजे तो माझ्याशी खरं बोलला होता.

मग मी रागावलेल्या माणसाला कामाचं विचारलं. "दादा, तो गेल्यावर नवा मिस्त्री आणलात. तुकड्यात काही फरक पडला?" बराच वेळ गेला. म्हणाले, "खोटं नाही बोलणार. मशीन त्याच्या हातात बरी चालत होती." ज्याला वाईट सांगायचंय त्याने अनिच्छेने कबूल केलेली गोष्ट दहा स्तुतींपेक्षा मला भरवशाची वाटते. तसंच उलटही आहे. एखादा मालक फारच गोड बोलत असेल आणि तो माणूस अजून त्याच्याकडेच असेल, तर मी सावध होते. नको असलेला माणूस दुसऱ्याच्या दारात ढकलायचा हा जुना मार्ग आहे. आणि हवा असलेला माणूस सुटू नये म्हणून वाईट सांगणारेही मी पाहिलेत. म्हणून प्रत्येक फोनआधी वहीत एक ओळ लिहिते: या माणसाला याच्या जाण्याने फायदा आहे की तोटा?

"चोर" हा शब्द मी पुढे कोणाजवळ काढला नाही. यजमानांजवळही नाही. आमच्यासारख्या लहान जिल्ह्यात असा शब्द वरठीहून निघाला की साकोलीपर्यंत जातो आणि मग त्या माणसाला कुठेच काम मिळत नाही.

राहिला रोलरवाला. तो अर्ध्या जिल्ह्याच्या मिलना रबर रोलर पुरवतो. त्याच्याकडे दुसऱ्या मिलचा खप मी मागितला नाही, त्याने दिलाही नसता. मी विचारलं, "हा मिस्त्री रोलर घ्यायला यायचा तेव्हा जुना रोलर सोबत आणायचा का?" तो लगेच म्हणाला, "हो, नेहमी. दाखवायचा, एका बाजूला जास्त घासलाय, तुमच्या मालात खोट आहे का माझ्या बसवण्यात, बघा." दोन रोलर वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि जास्त वेगाचा आधी झिजतो, म्हणून अधूनमधून त्यांची अदलाबदल करावी लागते. जो जुना रोलर घेऊन दुकानात जातो त्याला आपली चूक शोधायची असते. या एका उत्तरासाठी मी दहा किलोमीटर गेले आणि ते वाया गेलं नाही.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसारख्या ठिकाणी नोकरी लागताना पोलीस पडताळणी होते. आमच्याकडे काही मिलवालेही आता आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन ठाण्यात जातात. ते जरूर करावं. पण त्यातून गुन्हा दाखल आहे की नाही एवढंच कळतं. रोलर आवळतो की सैल सोडतो ते कुठल्याच ठाण्यात लिहिलेलं नसतं.

काही प्रश्न मी ठरवून विचारत नाही. जात विचारत नाही, आजारपण विचारत नाही, बायको नांदते का विचारत नाही. पलीकडचा आपणहून सांगायला लागला तर मी विषय मशीनवर आणते. आणि एकाच जागेसाठी तीन माणसं आली असतील तर तिघांबद्दल तेच प्रश्न, त्याच क्रमाने. नाहीतर जो मनात भरलाय त्याच्याबद्दल आपण सोपे प्रश्न विचारतो आणि जो नको वाटतो त्याच्याबद्दल खोचक.

चौकशी झाल्यावर त्याला एक दिवसाची मजुरी देऊन बोलावलं आणि जुन्या साठ्यातला वीस क्विंटल उन्हाळी धान पुढ्यात ठेवला. सांगितलं काहीच नाही. त्याने मशीन सुरू करण्याआधी चार पोत्यांतला धान हातावर घेतला, दोन दाणे दातांखाली मोडले, आणि रोलरची फट पाव फेरा सैल केली. दर तासाला मूठ भरून बघत होता. संध्याकाळी नमुना काढून तुकडा मोजला. बावीस टक्के.

घेतलं. पण जे कळलं होतं ते बाजूला ठेवून नाही. हेड मिस्त्रीचा पगार दिला नाही. दोन नंबरच्या वरचा आणि हेडच्या खालचा ठरवला. एक हंगाम झाला की वाढवायचा असं बोलणं झालं, आणि वाढवला. गावातल्या एका आयटीआय झालेल्या पोराला त्याच्या हाताखाली दिलं आणि नोंदवही त्या पोराकडे. मिस्त्री सांगायचा, पोरगा लिहायचा: वेळ, बिघाड, बदललेला भाग. हमाल आणि बाया त्याच्या हुकुमाखाली ठेवल्या नाहीत. त्यांना काही सांगायचं असेल तर मुकादमाला सांगायचं. पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून म्हटलं, "तुमची जीभ तिखट आहे असं मला कळलंय. माझ्या अंगणात मायबहिणीचा शब्द ऐकू आला तर त्याच दिवशी हिशेब." तो खाली मान घालून म्हणाला, "मुकादमानं सांगितलं असंल." मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं." उचलीचंही ठरवून टाकलं: एका महिन्याच्या पगाराच्या अर्ध्यापेक्षा जास्त नाही, आणि दर वेळी वहीवर सही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या वर्षी एका हमालाशी त्याची जुंपली आणि तो हमाल निघून गेला. करोनाच्या टाळेबंदीत तो दोन महिने बालाघाटला अडकला. तेव्हा मिल चालली ती त्या पोराने लिहिलेल्या वहीवर. पण चार हंगामांत ट्रक एकच परत आला, तोही ओलाव्यामुळे.

गेल्या उन्हाळ्यात साकोलीकडून एका मिलवाल्यांचा फोन आला. मिस्त्रीने मला आधीच सांगितलं होतं: पोरगी लग्नाची झाली आहे, तिकडे पगार जास्त देतात. मी तोपर्यंत दोन रात्री नीट झोपले नव्हते. तो गेला तर पुढच्या हंगामाला आयटीआयचा पोरगा एकटा पडणार होता.

मिलवाले म्हणाले, "वहिनी, माणूस कसा आहे?"

मी म्हटलं, "कोणत्या कामावर घेणार आहात?"

"हेड मिस्त्री. हमालही त्याच्याच हाताखाली."

वही समोर होती. मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे आजवर तीन मिस्त्री झाले आणि त्यात हा पहिला. उन्हाळी धानाचा तुकडा सांगितला, चाचणीच्या दिवसाचा आणि गेल्या हंगामाचाही. मेन बंद करून चावी खिशात टाकतो ते सांगितलं. लिहीत नाही ते सांगितलं. मग हमालांचं सांगितलं, त्या दोन पोरांपासून.

पलीकडे बराच वेळ शांत होतं. मीही बोलले नाही.

"मग हमाल दुसऱ्या कोणाकडे देऊ म्हणता?"

"मी तर मुकादमाकडे ठेवले होते," मी म्हटलं, आणि मुकादमाशी कामाची वाटणी कशी केली होती ते पानावरून वाचून दाखवायला लागले.